समेवर बदलणारा फोटो

दहिसरच्या घरात आजीच्या पंचाहत्तरीला दाखवायची फोटोंची चित्रफीत गाण्यापासून सुरू करावी. दादऱ्यातले, मिनिटाला 90 मात्रांच्या स्थिर लयीचे चार मिनिटांचे गाणे घेतले, तर सहा मात्रांचे आवर्तन 4 सेकंदांत पुरे होते. दर समेला फोटो बदलला की 60 फोटो बसतात. मात्र लग्नातल्या ग्रुप फोटोतले चेहरे ओळखायला दोन आवर्तने हवीत. असे दहा असतील तर एकूण 50च निवडावेत. क्रम काळाचा: कृष्णधवल माहेर आधी, दहिसरचा संसार नंतर. एक फोटो विरत दुसरा उमटायला एक सेकंद पुरतो. हा बदल समेच्या अर्धा सेकंद आधी सुरू करावा. समेवर सुरू केल्यास चित्र गाण्यामागे रेंगाळते.