भार उतरला की दाब चढतो

5 एप्रिल 2020 रोजी रात्री नऊ वाजता देशभर घराघरांतले दिवे मालवले गेले आणि काही मिनिटांत विजेची मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटने खाली आली. जलविद्युत केंद्रांनी निर्मिती झपाट्याने उतरवली. उपकेंद्रांना मात्र आणखी एक काळजी होती. भार उतरला, की लांब वाहिन्यांवरचा दाब चढतो.

तारेतून प्रवाह वाहताना भोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि त्यासाठी वाहिनी रिअॅक्टिव्ह पॉवर खाते. त्याच वेळी तारा आपापसांत आणि जमिनीशी कपॅसिटरसारख्या वागून रिअॅक्टिव्ह पॉवर पुरवतात. पुरवठा दाबावर ठरतो, म्हणून तो जवळपास स्थिर असतो. खप मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. ज्या भाराला दोन्ही तंतोतंत जुळतात, तो सर्ज इम्पिडन्स लोडिंग. तारा तापून निकामी होण्याची मर्यादा वेगळी आहे, आणि 400 केव्ही वाहिन्यांवर ती बरीच वर असते.

भारतात सर्रास दिसणारी, प्रत्येक फेजला दोन ‘मूस’ तारा असलेली 400 केव्ही वाहिनी घेऊ. लांबी 200 किलोमीटर. तिचा रिअॅक्टन्स सुमारे 66 ओहम. तिचा सर्ज इम्पिडन्स 310 ओहम येतो. 400 च्या वर्गाला 310 ने भागले, की 516 मेगावॉट मिळतात.

साधारण 80 ते 250 किलोमीटरच्या वाहिनीला मध्यम लांबीची म्हणतात. तिच्या हिशोबात निम्मा कपॅसिटन्स या टोकाला, निम्मा त्या टोकाला मानतात. मग दोन्ही टोके एका समीकरणात बसतात:

Vs = A·Vr + B·Ir

दुसरे समीकरण धाडणाऱ्या टोकाच्या प्रवाहाचे. त्यात C आणि D येतात. दोन्ही टोके सारखी असल्याने D म्हणजे A च. B म्हणजे तारेचा अडथळा, तर C मुळे रिकाम्या वाहिनीतही प्रवाह वाहतो. रेझिस्टन्स सोडून दिला, तर आपल्या वाहिनीत A येतो 0.977.

सारी गंमत या A मध्ये आहे. भार शून्य असताना Ir शून्य, म्हणून पलीकडचा दाब 400 भागिले 0.977, म्हणजे 409 केव्ही! धाडला त्याहून जास्त. यालाच फेरांटी परिणाम म्हणतात. 516 मेगावॉटला दोन्ही टोकांना 400 च राहतात. भार दुप्पट केला आणि पलीकडे 400 हवे असतील, तर अलीकडे 427 केव्ही द्यावे लागतील. 400 केव्ही जाळ्याची कमाल मर्यादा 420 आहे, त्यामुळे हे जमत नाही.

रात्रीच्या चढत्या दाबावर उपाय शंट रिअॅक्टरचा. पलीकडच्या टोकाला 50 मेगाव्हारचा एक जोडला, की 409 चे 401 होतात. पण तोच दुप्पट भारावर जोडलेला राहिला, तर अलीकडच्या 427 चे 434 होतात. म्हणून शक्य तिथे तो सकाळी भार चढताना काढून घेतात.