हरवलेल्या चित्रातली जमीन

समजा, दोन भावांची गावाकडे 80 आर जमीन आहे. धाकटा दुबईत, थोरला गावात. धाकट्याने कधीतरी मोबाइलच्या नकाशावर उपग्रहचित्र उघडून, त्यावर बोटाने पिवळी रेघ ओढून आपल्या जमिनीचा स्क्रीनशॉट ठेवला होता. फोन बिघडला, स्क्रीनशॉट गेला. गावात खरेदीदार आला आहे आणि तो विचारतो, “जमीन नेमकी कुठली?” सातबारावर गट नंबर आहे, क्षेत्र आहे, पण त्यावरून अनोळखी माणूस शेतापर्यंत पोचत नाही. धाकटा फोनवर सांगतो, “दादा, चित्रात डावीकडे रस्ता होता, वरच्या उजव्या कोपऱ्यात विहीर होती, खाली शेजाऱ्याची पोल्ट्री.”

या वाक्यातला धोका ‘डावीकडे’ या शब्दात आहे. आपण गृहीत धरतो की चित्रात वर उत्तर असते, म्हणून डावीकडे पश्चिम. पण मोबाइलवर दोन बोटांनी नकाशा सहज फिरतो. फिरलेला असला की कोपऱ्यात होकायंत्राचे चिन्ह दिसते, मात्र स्क्रीनशॉट कापताना तेच बहुधा कापले जाते. तेव्हा चित्रातल्या आठवणींना आधी दिशा मिळवून द्यायची, मगच चतुःसीमा लिहायची. नाहीतर रस्ता पश्चिमेला असल्याचे लिहून बसाल आणि खरेदीदार भलत्याच बांधावर उभा राहील.

दिशा कशी मिळते? इथे पोल्ट्री कामाला येते. आपल्याकडे उघड्या बाजूंच्या कोंबड्यांच्या शेडची लांबी शक्यतो पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. आता धाकट्याला विचारायचे, शेड चित्रात आडवी होती की उभी? तो म्हणाला, “उभी, रस्त्याला समांतर.” म्हणजे चित्र काटकोनात फिरलेले असण्याची दाट शक्यता आहे आणि रस्ताही पूर्व-पश्चिम जाणारा आहे. तो जमिनीच्या दक्षिणेला की उत्तरेला, एवढेच उरले.

ते सावली सांगते. असली चित्रे घेणारे बरेच उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून झाडांची सावली वायव्येकडे पडते. धाकट्याला बांधावरच्या चिंचेची लांब सावली आठवते आणि ती वरच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली होती. म्हणजे वरचा उजवा कोपरा वायव्य. मग चित्राची वरची बाजू पश्चिम, उजवी उत्तर, खालची पूर्व, आणि डावीकडचा रस्ता दक्षिणेला. विहीर वायव्य कोपऱ्यात आणि पोल्ट्री पूर्वेच्या शेजारी. मात्र महाराष्ट्रात मे ते जुलै या काळात सूर्य जवळजवळ डोक्यावर, कधी थोडा उत्तरेकडेही असतो. तेव्हा सावल्या आखूड पडतात आणि किंचित दक्षिणेकडेही झुकू शकतात. चित्रात रब्बीचा गहू किंवा हरभरा हिरवा असेल तर सावलीवर विसंबता येते. रान उन्हाळी, तांबूस उघडे असेल तर सावली बाजूला ठेवून एखाद्या ओळखीच्या रस्त्याची किंवा ओढ्याची दिशा गावात विचारून घ्यावी.

यानंतर रस्ता, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. ‘रस्त्याला लागून’ आणि ‘रस्त्याजवळ’ या दोन्हींत जमिनीच्या किमतीचा फरक असतो. पिवळ्या रेघेपासून रस्त्यापर्यंत एखादी हिरवी पट्टी दिसत होती का? ती पट्टी दुसऱ्याच्या गटाची असेल तर आपली जमीन रस्त्याला लागून नाही. शिवाय उपग्रहाला चाकोरी दिसते, तिच्यावरचा हक्क दिसत नाही. शेजाऱ्याने मेहेरबानीने दिलेली वाट आणि जुनी पाणंद वरून सारखीच तांबडी दिसतात. फरक गाव नकाशात कळतो: गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. नकाशात वाट नसेलच, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्त्यासाठी अर्ज करता येतो. पण तो मिळेपर्यंत ‘रस्ता आहे’ असे लिहू नये. आपल्या उदाहरणात धरून चालू की डांबरी रस्त्यावरच्या मारुती मंदिरापाशी गाडीमार्ग पश्चिमेकडे फुटतो आणि नकाशात तो दुहेरी तुटक रेषेने आहे.

मग शेजारच्या खुणा. त्यांच्यात टिकाऊ आणि तकलादू असा भेद करावा लागतो. ओढा, विहीर, मंदिर, विजेचा मनोरा या पिढ्यान्‌पिढ्या किंवा निदान दशकभर राहणाऱ्या गोष्टी. पत्र्याचा गोठा, कडब्याची गंज, पॉलिहाऊसचा पांढरा कागद पुढच्या हंगामात नसतील. शेततळे मध्यम, ते चित्रात असेल आणि प्रत्यक्षात बुजवलेले असेल, किंवा उलटही. म्हणून कोणती खूण कोणत्या वर्षी पाहिली हे लिहावे. शेजारी मात्र नावाने लिहू नये. वारसनोंद झाली की नाव बदलते, गट नंबर तसा लगेच बदलत नाही.

शेड मापपट्टीसारखीही वापरता येते. हवा खेळावी म्हणून अशा शेडची रुंदी साधारण 30 फुटांपर्यंत, म्हणजे 9 मीटर ठेवतात. धाकट्याच्या आठवणीत जमिनीचे रस्त्यावरचे तोंड शेडच्या रुंदीच्या साडेसहा पट होते आणि खोली तोंडाच्या दुपटीहून थोडी जास्त. म्हणजे तोंड सुमारे 60 मीटर, खोली 130. गुणाकार 7800 चौरस मीटर, म्हणजे 78 आर. सातबारावरच्या 80 आरशी हे जुळते. हेच उत्तर 50 किंवा 110 आर आले असते तर पिवळी रेघ चुकीच्या बांधावर ओढली होती असे समजायचे.

आता मजकूर असा होतो:

“मारुती मंदिरापासून गाडीमार्गाने पश्चिमेकडे सुमारे 400 मीटर गेल्यावर उजव्या हाताला आधी गट 113 मधील पोल्ट्री शेड लागते, तिच्या पुढची, रस्त्याला लागून असलेली जमीन, गट 112, 80 आर. पूर्वेस गट 113, दक्षिणेस गाडीमार्ग, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गट 108. विहीर वायव्य कोपऱ्यात.”

1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 21 लाही असेच काही हवे असते: क्षेत्र, लागून असलेले रस्ते आणि मिळकती, वहिवाट आणि शक्य असेल तेव्हा सरकारी नकाशाचा आधार. हा मजकूर एकदा शेजाऱ्याच्या बाजूने वाचून पाहावा. गट 113 च्या पश्चिमेस आपला गट यायला हवा. तिथे दुसराच नंबर निघाला तर मधे एखादा तुकडा राहून गेला आहे.

बांधावरून भांडण असेल तर मात्र हे वर्णन तिथे पुरत नाही. उपग्रहचित्र काही मीटर सरकलेले असू शकते, आणि दिसणारा बांध वहिवाटीचा असतो, नोंदीतला असेलच असे नाही. तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून ‘क’ प्रत घ्यावी लागते. भूकरमापक आला की वरचा मजकूर त्याच्या हाती द्यावा, म्हणजे तो निदान बरोबर शेतात येऊन उभा राहील.