साखर कधी तपासावी आणि आकडा काय सांगतो

टाइप टू मधुमेहाचं निदान झालं की घरात ग्लुकोमीटर येतो आणि बहुतेक जण रोज सकाळी उपाशीपोटी एकदाच साखर तपासतात. तो आकडा उपयोगाचा असतो, पण दिवसभर काय घडतं हे त्यातून कळत नाही.

सकाळचा आकडा मुख्यतः यकृताबद्दल सांगतो. रात्री पोटात अन्न नसताना यकृत रक्तात साखर सोडत असतं आणि पहाटे काही संप्रेरकांमुळे तो वेग वाढतो. त्यामुळे हलकं जेवूनही सकाळी साखर वाढलेली दिसू शकते. रात्रीच्या जेवणामुळे ती वाढली का, हे पाहायचं तर झोपताना आणि सकाळी अशी दोनदा तपासा. झोपताना 130 आणि सकाळी 160 असेल, तर वाढ रात्रीत झाली. झोपतानाच 210 असेल, तर आधी जेवणाकडे बघायला हवं. सकाळची तपासणी आठ तासांच्या उपासानंतर, चहाच्याही आधी करावी.

जेवणाचा परिणाम कळायला जोडीने तपासावं लागतं: जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. वेळ जेवण संपल्यापासून मोजली, तर चढलेली साखर उतरू लागलेली असते आणि आकडा फसवा येतो. समजा, दुपारी दोन पोळ्या, वरण आणि वाटीभर भात खाण्याआधी साखर 118 होती आणि दोन तासांनी 214 झाली. म्हणजे त्या ताटाने 96 ची भर घातली. दुसऱ्या दिवशी भात वगळून उसळ आणि काकडी वाढवली आणि आकडे 121 व 168 आले, तर वाढ 47 वर आली. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये. तेच जेवण दोन-तीनदा तपासावं. रोज चार वेळा बोट टोचायची गरज नाही. एक आठवडा दुपारच्या जेवणाचा, पुढचा रात्रीच्या जेवणाचा ठेवला तरी चालतं.

बहुतेकांसाठी उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत हे सर्वसाधारण लक्ष्य असतं. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते बदलतात.

एक तपासणी मात्र घड्याळ पाहून करायची नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना हात थरथरले, घाम फुटला, तर लगेच तपासा. 70 च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

बोट टोचण्याआधी हात धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटावरची साखरही आकड्यात चढते. वहीत आकड्यासोबत वेळ आणि जेवण लिहा. गोळीचा डोस मनाने बदलू नका, ती वही डॉक्टरांना दाखवा.