कोसाइनच्या पोटातली बहुपदी

अकरावीच्या त्रिकोणमितीत दोन सूत्रं पाठ करून घेतात. दुप्पट कोनाचं cos 2x = 2cos²x − 1 आणि तिप्पट कोनाचं cos 3x = 4cos³x − 3cos x. परीक्षेपुरती ती पाठ होतात आणि सुट्टीत विसरली जातात. चौपट, पाचपट कोनाचं काय, हा प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही. खरं तर पट कितीही असो, त्या कोनाचा कोसाइन मूळ कोनाच्या कोसाइनच्या घातांनी बनलेल्या बहुपदीत लिहिता येतो. सहगुणक सगळे पूर्णांक, साइनचा कुठे मागमूस नाही. आणि ही बहुपदी पाठ करायची गरज नाही, कारण आधीच्या दोन हाताशी असल्या की पुढची दोन ओळींत तयार होते.

सुरुवात बेरजेच्या सूत्रापासून. दोन कोनांच्या बेरजेचा कोसाइन म्हणजे cos A cos B − sin A sin B, आणि वजाबाकीचा cos A cos B + sin A sin B. (साइनसाठी असाच नियम भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या ज्योत्पत्ती प्रकरणात आहे.) ही दोन सूत्रं एकमेकांत मिळवली की साइनचे गुणाकार एक अधिक, एक उणे असे उडून जातात. सगळी करामत इथे आहे. A च्या जागी nx आणि B च्या जागी x घातलं, तर हाती लागतं:

cos (n+1)x + cos (n−1)x = 2 cos x · cos nx

लिहायला सोपं जावं म्हणून cos x ला नुसतं c म्हणू. मग नियम असा वाचता येतो: आताच्या बहुपदीला 2c ने गुणा, त्यातून आधीची बहुपदी वजा करा, पुढची मिळाली. सुरुवातीला दोन तर फुकटच हातात आहेत. शून्यपट कोनाचा कोसाइन 1 आणि एकपटीचा c.

आता नियम चालवू. n = 1 घेतलं तर 2c · c मधून 1 वजा, म्हणजे

cos 2x = 2c² − 1

पुढे याला 2c ने गुणलं की 4c³ − 2c येतं. त्यातून c वजा केला की

cos 3x = 4c³ − 3c

पाठ केलेली दोन्ही सूत्रं इथेच निघाली. आता जी पाठ नव्हती ती. 4c³ − 3c ला 2c ने गुणून 8c⁴ − 6c² मिळतं, त्यातून 2c² − 1 वजा करायचं. उणे एकातलं उणे वजा होताना अधिक होतं, आणि घाईत चूक होते ती नेमकी याच ठिकाणी.

cos 4x = 8c⁴ − 8c² + 1

पाचपटीसाठी 2c ने गुणल्यावर 16c⁵ − 16c³ + 2c, आणि त्यातून 4c³ − 3c वजा:

cos 5x = 16c⁵ − 20c³ + 5c

सहापट याच वाटेने येते: cos 6x = 32c⁶ − 48c⁴ + 18c² − 1.

एवढ्यावरूनच घडण दिसू लागते. दर पायरीला 2c ने गुणत असल्यामुळे पहिला सहगुणक दुप्पट होत जातो: 2, 4, 8, 16, 32. पट सम असेल तर c चे सम घातच येतात, विषम असेल तर विषमच. साइनच्या बाबतीत मात्र हे इतकं सरळ जमत नाही. sin 2x म्हणजे 2 sin x cos x, आणि त्यातला कोसाइन हलवून सगळं साइनच्या बहुपदीत बसवता येत नाही. विषम पटींना साइनची बहुपदी मिळते, सम पटींना नाही. कोसाइनला ही अडचण येत नाही. या बहुपदींना रशियन गणितज्ञ चेबिशेव यांचं नाव आहे. १८५४ साली छापलेल्या एका निबंधात, वाफेच्या इंजिनातल्या दांड्यांच्या जोडणीचा अभ्यास करताना, ते यांच्याकडे वळले. त्यांच्या नावाचं फ्रेंच स्पेलिंग T ने सुरू होतं, म्हणून पुस्तकांत या बहुपदी अजून T₁, T₂, T₃ अशाच लिहितात.

आपण काढलेलं सूत्र बरोबर आहे का, हे तपासायला उत्तरांची वही उघडावी लागत नाही. कोन शून्य असेल तर कितीही पट केली तरी तो शून्यच राहतो आणि कोसाइन 1. म्हणून c = 1 घातल्यावर, म्हणजे सगळे सहगुणक चिन्हांसकट मिळवल्यावर, उत्तर 1 यायलाच हवं. सहापटीत 32 − 48 + 18 − 1 = 1, ठीक. चौपटीत शेवटी +1 च्या जागी −1 लिहिला असता तर बेरीज −1 आली असती आणि चूक तिथेच पकडली गेली असती. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. कुणी 8c⁴ − 9c² + 2 लिहिलं तर बेरीज 1 च येते आणि सूत्र तरीही चुकीचं. त्यासाठी आणखी एक कोन घ्यावा, ९० अंशांचा. तिथे c = 0, म्हणजे फक्त स्थिरपद उरतं. चौपट केल्यावर कोन ३६० अंश होतो, त्याचा कोसाइन 1. म्हणजे स्थिरपद 1 हवं, 2 नव्हे. विषम पटींना ९० अंशांचा उपयोग नाही, तिथे दोन्ही बाजूंना शून्यच येतं. तेव्हा ६० अंश घ्यावेत. पाचपट केल्यावर ३०० अंश, त्याचा कोसाइन अर्धा. सूत्रात c = 1/2 घातलं तर 16/32 − 20/8 + 5/2, म्हणजेही अर्धाच.

मोठ्या पटींना मात्र वेगळाच धोका आहे. विसाव्या बहुपदीचा पहिला सहगुणक 524288 आहे, आणि मधला एक तर उणे 6553600, म्हणजे पासष्ट लाखांच्या वर. लाखांचे हे आकडे अधिक-उणे होत शेवटी −1 ते 1 च्या मध्ये येऊन बसतात. कागदावर नेमकं गणित करताना यात काही बिघडत नाही. पण c चा प्रत्येक घात चार दशांश स्थळांपर्यंत घेऊन त्याला या सहगुणकांनी गुणायला बसलात, तर एका घातात राहिलेली 0.00005 ची तूट पासष्ट लाखांनी गुणली जाऊन तीनशेच्या वर जाते. ज्याचं उत्तर एकाच्या आत यायला हवं, त्यात तीनशेची चूक! म्हणून आकडेमोड करायची असेल तर बहुपदी उलगडूच नये. 2c ने गुणा आणि आधीचं वजा करा हा नियमच विशिष्ट c घेऊन पायरीपायरीने चालवावा. त्यात मधली सगळी उत्तरंही कोसाइनच असतात, त्यामुळे कुठलाच आकडा एकाच्या पुढे जात नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ही सूत्रं उलटी वापरता येतात म्हणून. पटीच्या कोनाचा कोसाइन माहीत असेल तर मूळ कोनाचा कोसाइन एका समीकरणाचं मूळ म्हणून सापडतो. ३६ अंश घेऊ. त्याची पाचपट १८० अंश, कोसाइन −1. म्हणून 16c⁵ − 20c³ + 5c + 1 = 0. पाचव्या घाताचं समीकरण दिसलं की धडकी भरते, पण हे दिसतं तेवढं अवघड नाही. c = −1 घातल्यावर ते शून्य होतं, म्हणजे c + 1 हा अवयव निघाला. उरलेला भाग एका वर्गपदीचा पूर्ण वर्ग आहे:

(c + 1)(4c² − 2c − 1)² = 0

गुणून पाहा, नेमकं तेच परत मिळतं. हा वर्ग का आला, तेही कळतं. पाचपट केल्यावर ज्यांचा कोसाइन −1 होतो असे कोन ३६, १०८, १८०, २५२ आणि ३२४ अंशांचे. त्यांतल्या ३२४ चा कोसाइन ३६ च्या इतकाच आणि २५२ चा १०८ च्या इतकाच. प्रत्येक उत्तर दोनदा आलं, म्हणून अवयवही दोनदा आला. वर्गसमीकरण सोडवलं की cos 36° = (1 + √5)/4, म्हणजे सुमारे 0.809. यात वर्गमुळाच्या पुढे काही नाही, आणि म्हणूनच नियमित पंचकोन पट्टी-कंपासाने काढता येतो.

आता तोच प्रयोग २० अंशांवर करू. तिप्पट ६० अंश, कोसाइन अर्धा, म्हणून 8c³ − 6c − 1 = 0. इथे 2c ला y म्हटलं तर y³ − 3y − 1 = 0 असं सुटसुटीत रूप मिळतं. याचं मूळ परिमेय असायचं तर ते 1 किंवा −1 च असू शकतं. 1 घातला तर −3 येतं, −1 घातला तर 1. दोन्ही जमले नाहीत, म्हणजे या घनाचे परिमेय सहगुणकांचे अवयव पडत नाहीत. मग हे समीकरण नुसत्या वर्गमुळांनी सुटत नाही, आणि पट्टी-कंपासाला वर्गमुळांच्या पलीकडे जाता येत नाही. प्रत्येक कोन पट्टी-कंपासाने तीन समान भागांत विभागता येतोच असं नाही, हे फ्रान्सच्या वांझेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केलं. ६० अंशांच्या कोनापुरतं पाहायचं तर सगळं मर्म या तीन पदांच्या समीकरणात आहे. आणि ३६ अंशांना दिसलेली सोय इथे का नाही, तेही त्यात दिसतं. या समीकरणाची मुळं २०, १४० आणि २६० अंशांचे कोसाइन आहेत. तिन्ही वेगवेगळे, दोनदा येणारं एकही नाही.

या सूत्रांचा सगळ्यांत गाजलेला वापर चौथ्या हेन्रीच्या दरबारातला. १५९३ साली बेल्जियममधल्या अड्रियान व्हान रूमेन यांनी जगातल्या गणितज्ञांसमोर पंचेचाळिसाव्या घाताचं एक समीकरण ठेवलं. 45y − 3795y³ असं सुरू होऊन − 45y⁴³ + y⁴⁵ वर संपणारं, आणि उजव्या बाजूला एकात एक घातलेल्या वर्गमुळांचा ढीग. हे सोडवील असा एकही गणितज्ञ फ्रान्समध्ये नाही, असं नेदरलँड्सचा राजदूत राजाला म्हणाल्याची गोष्ट सांगतात. राजाने फ्रांस्वा व्हिएत यांना बोलावलं. ते पेशाने वकील, राजाचे सल्लागार.

व्हिएत यांनी सहगुणक ओळखले. समीकरणाची डावी बाजू म्हणजे पंचेचाळीसपट कोनाचं सूत्र होतं. ते साइनमध्ये मांडलेलं होतं, पण ४५ या पटीला साइन आणि कोसाइन यांची बहुपदी एकच येते. आणि आपण आता 2c ला y म्हटलं तसंच इथेही y म्हणजे साइनची दुप्पट. उजवीकडचा वर्गमुळांचा ढीग म्हणजे १२ अंशांच्या साइनची दुप्पट, अर्थात एक त्रिज्येच्या वर्तुळात बसणाऱ्या नियमित पंधराकोनाची बाजू. एकदा हे दिसलं की करायचं राहतं ते एवढंच, १२ अंशांना ४५ ने भागायचं. उत्तर १६ मिनिटं, आणि त्या कोनाच्या साइनची दुप्पट हे एक मूळ. बाकीची मुळं त्या कोनात आठ-आठ अंश मिळवत जाऊन मिळतात, कारण ३६० ला ४५ ने भागलं की ८. व्हिएत यांनी एकूण २३ उत्तरं दिली. कोन १७६ अंश १६ मिनिटांच्या पुढे गेला की साइन ऋण होतो, आणि उरलेली २२ मुळं ऋण असल्यामुळे त्यांनी ती मोजलीच नाहीत. त्या काळी ऋण संख्येला उत्तर मानायची पद्धत नव्हती.