पहिलं नाव चिकनचं, पण प्रथिनं मक्याची

सोयगाव तालुक्यात मका कशाला म्हणतात हे सांगावं लागत नाही. त्यामुळे घरच्या पॉमसाठी आणलेल्या डॉग फूडच्या पिशवीवर मका दिसला की लगेच नाक मुरडलं जातं, आणि यादीत पहिलं नाव ‘चिकन’ असलं की समाधान होतं. दोन्ही घाई आहे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण हे वजन शिजवण्या-वाळवण्यापूर्वीचं असतं. ताज्या चिकनमध्ये साधारण सत्तर टक्के पाणी असतं. समजा, १०० किलो मिश्रणात ३० किलो ताजं चिकन, २५ किलो मका, १५ किलो मका ग्लूटेन आणि उरलेला तांदूळ, चरबी वगैरे आहे. यादीत चिकन पहिलं येणार. पाणी उडाल्यावर मात्र ते जेमतेम नऊ-दहा किलो उरतं. त्यातून प्रथिनं मिळतात साडेपाच किलोच्या आसपास, तर एकट्या ग्लूटेनमधून नऊ. शिवाय मक्याची दोन नावं वेगळी लिहिल्यामुळे तो खाली दिसतो. एकत्र केला तर ४० किलो, म्हणजे चिकनच्या वर. उलट, नावाने कमी आकर्षक असलेलं ‘चिकन मील’ आधीच वाळवलेलं असतं. ते वरच्या क्रमांकावर असेल तर मांसाचा वाटा खरोखर मोठा.

मका विष नव्हे. शिजलेला मका कुत्र्याला पचतो. पण मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन कमी पडतात, ते दुसरीकडून भरून काढावे लागतात. पिशवीवरचा ‘क्रूड प्रोटीन २४ टक्के’ हा आकडा यातलं काहीच सांगत नाही, कारण तो नायट्रोजन मोजून काढलेला असतो. २००७ मध्ये अमेरिकेत याच पळवाटेने घात केला. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये नायट्रोजन वाढवायला मेलामाइन मिसळलेलं होतं. कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. कॅनडाच्या मेन्यू फूड्स या एकाच कंपनीकडून अनेक नामांकित ब्रँड माल बनवून घेत होते, हेही तेव्हाच लोकांना कळलं.

म्हणून ब्रँडचं नाव पाहताना जाहिरात बाजूला ठेवावी. माल स्वतःच्या कारखान्यात बनतो का, पाककृती पशुआहारतज्ज्ञाने ठरवली आहे का, पिशवीवर बॅच क्रमांक आणि ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असा वयानुसार उल्लेख आहे का, हे पिशवी पाहून किंवा ग्राहक क्रमांकावर फोन करून कळतं. उत्तर टाळणारी कंपनी मी तरी बाजूला ठेवीन.

तीन किलोच्या पूर्ण वाढलेल्या पॉमला दिवसाला साधारण २५० किलोकॅलरी, म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आसपास कोरडं खाणं पुरतं. दहा किलोची पिशवी त्याला साडेचार महिन्यांहून जास्त जाईल, आणि सोयगावच्या उन्हाळ्यात उघड्या पिशवीतली चरबी त्याआधीच खवट होईल. एक किलोची पिशवी दोन आठवड्यांत संपते; किलोमागे महाग पडली तरी तीच घ्यावी. दुकानातलं सुटं खाणं स्वस्त असतं खरं, पण त्यावर ना यादी, ना बॅच, ना मुदत.