शंभर डॉलरच्या नफ्यातले हातात किती?

बिटकॉइनच्या वायदे बाजारात २०१६ साली बिटमेक्स या एक्स्चेंजने एक वेगळा करार लोकप्रिय केला. त्याला मुदतच नव्हती. सौदा हवा तितके दिवस उघडा ठेवता येतो, म्हणून त्याला पर्पेच्युअल म्हणतात. मुदत असलेल्या वायद्याचा भाव शेवटच्या दिवशी मूळ बाजारभावाला आपोआप येऊन मिळतो. इथे तो दिवस येतच नाही. त्यामुळे दोन्ही भाव जवळ राहावेत यासाठी फंडिंगची सोय आहे. वायद्याचा भाव वर राहिला, की सहसा खरेदीवाले विक्रीवाल्यांना ठरावीक वेळी पैसे देतात. तो खाली गेला, की उलटे होते.

समजा, एखाद्याने सोमवारी सकाळी ११ वाजता बिटकॉइनचा भाव ५०,००० डॉलर असताना ०.२ बिटकॉइनची खरेदी केली आणि गुरुवारी ११ वाजता ५०,५०० ला सौदा बंद केला. कागदावर नफा १०० डॉलर. दहापट लिव्हरेज असल्याने त्याचे स्वतःचे साधारण १,००० डॉलरच अडकले होते. म्हणजे तीन दिवसांत दहा टक्के!

पण मार्केट ऑर्डर पडद्यावर दिसलेल्या भावाला पूर्ण होत नाही. समोर विक्रीला जितका माल असेल तितका उचलत ती पुढच्या भावावर जाते. या सौद्यात खरेदी सरासरी ५०,०१० ला आणि विक्री ५०,४८५ ला झाली असे धरू. मग भावातला फरक ५०० नव्हे, ४७५ डॉलर. नफा ९५. हे पाच डॉलर म्हणजे स्लिपेज.

शुल्क अडकवलेल्या रकमेवर नाही, सौद्याच्या पूर्ण किमतीवर लागते. दर ०.०५ टक्के धरला, तर जाताना पाच आणि येताना पाच, मिळून सुमारे १०.०५ डॉलर. ऐकायला किरकोळ वाटणारा हा दर १,००० डॉलरच्या मार्जिनच्या एक टक्का खाऊन जातो.

राहिले फंडिंग. बायनान्ससारख्या एक्स्चेंजवर अनेक करारांत ते दर आठ तासांनी होते. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊ. त्या क्षणी ज्याचा सौदा उघडा आहे, त्यालाच ते लागू होते, मग तो सौदा मिनिटभरापूर्वी घेतलेला का असेना. आपल्या सौद्याने असे नऊ क्षण ओलांडले. दर प्रत्येक वेळी ०.०१ टक्के राहिला, तर नऊ डॉलर गेले. बाजार तापला की हा दर कितीतरी पट वाढतो, त्यामुळे त्याचा वार्षिक अंदाज बांधून स्वस्थ बसणे धोक्याचे.

९५ मधून १०.०५ आणि ९ वजा केले, की ७५.९५ उरतात. इथेच बरेच जण चुकतात. स्लिपेजचे पाच डॉलर ते पुन्हा एकदा वजा करतात. एक्स्चेंज नफा मोजते ते प्रत्यक्ष झालेल्या भावांवरून, त्यामुळे स्लिपेज त्यात आधीच आलेले असते. शुल्क आणि फंडिंग मात्र वेगळे. बायनान्सच्या नोंदींत `REALIZED_PNL`, `COMMISSION` आणि `FUNDING_FEE` अशा तीन निराळ्या ओळी दिसतात. पहिलीच ओळ पाहून खूश होणाऱ्याला ९५ दिसतात.

एकाच नाण्यात भर घातली की गुंता वाढतो. याच माणसाने बुधवारी सकाळी ११ ला आणखी ०.१ बिटकॉइन घेतले असते, तर नेहमीच्या पद्धतीत एक्स्चेंजने दोन्ही मिळून सरासरी भावाची एकच पोझिशन दाखवली असती. फंडिंगची रक्कमही एकत्रच कापली असती, एकूण साधारण साडेदहा डॉलर. ती आकारमानाच्या दोनास एक प्रमाणात सरसकट वाटली, तर पहिल्या खरेदीवर सात आणि दुसरीवर साडेतीन पडतात. हे चूक आहे. दुसरी खरेदी फक्त शेवटच्या तीन क्षणांना हजर होती. तिचा वाटा दीड डॉलर, पहिलीचा नऊ. त्यामुळे प्रत्येक फंडिंगच्या वेळी कोणाकडे किती माल उघडा होता, ते पाहूनच वाटणी करावी लागते.

हिशेब बरोबर आहे का, हे वॉलेट सांगते. सर्व सौदे बंद असताना सुरुवातीची शिल्लक घ्यायची, भरलेले पैसे मिळवायचे, काढलेले वजा करायचे, मग नफा-तोटा, शुल्क आणि फंडिंग धरायचे. शेवटची शिल्लक तंतोतंत जुळली पाहिजे. जुळत नसेल, तर आधी शुल्क दुसऱ्या नाण्यात कापले गेले का, ते पाहावे. सवलतीसाठी शुल्क बीएनबीमध्ये देणाऱ्यांच्या डॉलरच्या खात्यात ते दिसतच नाही. त्या दिवशीच्या भावाने ते डॉलरमध्ये मांडावे लागते.

स्लिपेज मात्र हा ताळा पकडू शकत नाही, कारण ते वेगळी वजावट म्हणून खात्यातून जातच नाही. बटण दाबण्याच्या क्षणी खरेदी-विक्रीच्या भावांचा मध्य किती होता, हे ज्याने त्याच वेळी टिपून ठेवले, त्यालाच ते मोजता येते.