नोटिफिकेशनची बटणं किती असावीत?

टेलिकॉम नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने 2018 साली नकोशा जाहिरातींचे फोन आणि एसएमएस रोखण्यासाठी नवे नियम आणले. त्यात ग्राहकाला निवडीचं भरपूर स्वातंत्र्य दिलं होतं. बँकिंग, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य असे विषय वेगवेगळे बंद करता येतात. त्यातही फोन नको पण एसएमएस चालेल, अमुक वार नको, दिवसातली अमुक वेळ नको, हेही सांगता येतं. आपल्यापैकी किती जणांनी हे केलं? माझ्या ओळखीत ज्यांनी ही सोय वापरली, त्यांनी 1909 या क्रमांकावर START 0 असा एसएमएस पाठवून सगळं सरसकट बंद केलं. विषय, माध्यम, वार आणि वेळ यांच्या जोड्या जुळवत बसायला त्यांना सवड नव्हती.

मोबाइल ॲपमधल्या नोटिफिकेशनच्या सेटिंग्जचंही असंच होतं. निवडी वाढत गेल्या की माणूस यादी वाचायचं सोडतो आणि सगळ्यात मोठं बटण शोधून दाबतो. बऱ्याचदा त्या एका बटणासरशी त्याला खरोखर हवी असलेली सूचनाही बंद होते. बँकेच्या ॲपमध्ये त्याची किंमत थेट रुपयांत मोजावी लागू शकते, म्हणून उदाहरण बँकेचंच घेऊ.

समजा, एका बँकेचं ॲप 19 प्रकारच्या सूचना पाठवतं आणि सेटिंग्जच्या स्क्रीनवर 19 बटणं आहेत. बचत खातं, कार्ड, कर्ज, विमा, गुंतवणूक अशा शीर्षकांखाली ती मांडली आहेत. नीट पाहिलं तर हा बँकेतल्या विभागांचा तक्ता आहे. प्रत्येक विभागाने आपापली बटणं जोडत नेली आणि यादी लांबली. खातेदाराच्या डोक्यात मात्र हे विभाग नसतात. कार्डावरून पैसे गेले काय, यूपीआयवरून गेले काय किंवा एटीएममधून निघाले काय, त्याच्या दृष्टीने पैसे गेले ही एकच घटना असते.

म्हणून प्रत्येक सूचनेला एक प्रश्न विचारायचा: ही आज दिसली नाही तर माणसाचं काय बिघडेल? त्या उत्तरावरून 19 सूचनांचे चार गट पडतात. पैशांची ये-जा हा पहिला. दुसरा सुरक्षेचा: नव्या फोनवरून लॉगिन झालं, पिन बदलला, नवा लाभार्थी जोडला गेला, खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक बदलला. तिसरा तारखांचा: कर्जाचा हप्ता, मुदत ठेव संपण्याचा दिवस, केवायसीची मुदत. चौथ्यात कर्ज, विमा आणि कार्डांच्या ऑफर, शिवाय ॲपमधल्या नव्या सोयींच्या जाहिराती.

पहिल्या दोन गटांचं महत्त्व कशात आहे ते रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात दिसतं. व्यवहारांच्या एसएमएस सूचनांसाठी ग्राहकांची नोंदणी करून घेणं त्यात बँकांना बंधनकारक केलं. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, दोष यंत्रणेत इतरत्र आहे, अशा अनधिकृत व्यवहारात बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, अशी तरतूद त्यात होती. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी. जाहिरातींच्या गर्दीत पैसे गेल्याची सूचना नजरेआड झाली तर हेच दिवस हातातून निघून जातात.

आता चार गट म्हणजे चारच बटणं ठेवायची का? इथे घाई केली तर उलट बाजूची चूक होते. निवृत्त शिक्षिका आणि किराणा दुकानदार अशी दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. शिक्षिकेला पेन्शन जमा झाल्याचं कळायलाच हवं. दुकानदाराच्या खात्यात दिवसभर यूपीआयने दहा-वीस रुपये येत राहतात. प्रत्येक वेळी फोन वाजला तर तो दुपारपर्यंत वैतागून अख्खा पहिला गट बंद करेल, आणि त्याच्या खात्यातून कुणी चाळीस हजार काढले तरी फोन गप्प राहील. म्हणजे पैसे आले आणि पैसे गेले यांची बटणं वेगळी हवीत. गटाचे तुकडे कधी पाडायचे याची कसोटी अशा माणसांमध्ये असते. एक सूचना हवी आणि शेजारची नको, असं म्हणणारा खराखुरा माणूस समोर आणता आला तर गट तोडावा. नाही आला तर एकत्रच ठेवावा. कार्डाचा व्यवहार कळवा पण एटीएमचा कळवू नका, असं म्हणणारा माणूस मला सुचत नाही, म्हणून ती दोन बटणं एक होतात.

दुकानदारासाठी आणखी एक सोय लागते. ‘इतक्या रुपयांपेक्षा जास्त जमा झाले तरच कळवा’ अशी रकमेची एक चौकट. सुरुवातीला तिथे शून्य असावा, म्हणजे शिक्षिकेला तिकडे फिरकावंही लागणार नाही. दुकानदार स्वतः पाच हजार लिहील. पैसे जाण्याच्या बाजूला मात्र मी ही चौकट देणार नाही. आधी छोट्या रकमेचा व्यवहार करून पाहणं ही कार्डचोरांची जुनी पद्धत आहे. रकमेची अट घातली की नेमका तोच पहिला इशारा दडतो.

व्यवहाराचा एसएमएस बंद करता येत नसेल, तर स्क्रीनवर तसं सरळ लिहावं: ‘पैसे गेल्याचा एसएमएस नेहमी येईल.’ त्यापुढे दाबलं न जाणारं फिकट बटण ठेवू नये. माणूस ते तीनदा दाबून पाहतो आणि ॲप बिघडलंय असं समजतो.

ऑफरचा गट सुरुवातीपासून बंद हवा. इथे मार्केटिंग विभागाशी वाद होतो आणि तो घालावाच लागतो. बहुतेक लोक सेटिंग्ज कधीच उघडत नाहीत, त्यामुळे बटण सुरुवातीला ज्या स्थितीत दिलं त्याच स्थितीत ते राहतं. ती स्थिती ठरवणाराच त्यांच्या वतीने निर्णय घेत असतो. शिवाय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या रचना, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत 13 प्रकार नोंदवले आहेत. ‘नाही’ म्हणायची सोय न देता नोटिफिकेशन चालू करा म्हणून सतत मागे लागणं हे त्यातलंच एक उदाहरण आहे. गोंधळात पाडणारी वाक्यरचना हाही एक प्रकार आहे. ‘मला ऑफर पाठवू नका’ यापुढचं बटण चालू असेल तर ऑफर येतील की नाही, हे भल्याभल्यांना क्षणभर थांबून ठरवावं लागतं. चालू म्हणजे येणार, बंद म्हणजे नाही, हा अर्थ स्क्रीनभर एकच असायला हवा.

ॲपच्या या स्क्रीनखाली फोनची स्वतःची सेटिंग्ज असतात, आणि बराचसा घोळ या दोहोंच्या सांध्यात होतो. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून, ॲपला आपली प्रत्येक सूचना एखाद्या ‘चॅनल’मध्ये घालावी लागते. सूचनेवर बोट दाबून धरलं की वापरणारा त्या चॅनलचा आवाज तिथल्या तिथे बंद करू शकतो. एकदा त्याने तसं केलं की ॲपला ते परस्पर बदलता येत नाही. चॅनल वर सांगितलेल्या गटांनुसार पाडले असतील तर ही सोय फार कामाची आहे, कारण सेटिंग्ज शोधत न जाता, त्रास झाला त्या क्षणीच नेमकं तेवढं बंद करता येतं. पण अनेक ॲप सगळं एकाच चॅनलमध्ये कोंबतात. काही तर ‘व्यवहार’ नावाच्या चॅनलमधून कर्जाची जाहिरात पाठवतात. रात्री साडेदहाला आलेल्या जाहिरातीला वैतागून माणूस चॅनल बंद करतो आणि त्यासोबत व्यवहाराची सूचनाही जाते.

दुसरा घोळ असा की फोनने परवानगी काढून घेतलेली असते आणि ॲपच्या स्क्रीनवर बटणं हिरवीगार दिसत राहतात. ॲपला फोनकडून ही स्थिती विचारता येते. स्क्रीन उघडताना ती तपासून वरच ठळक पट्टी दाखवावी: ‘या ॲपच्या सूचना फोनमध्ये बंद आहेत’, आणि सोबत थेट त्या जागी नेणारं बटण. रात्रीच्या शांततेसाठी मात्र ॲपने वेगळं वेळापत्रक देऊ नये. ‘व्यत्यय नको’ची सोय फोनमध्ये आहेच. आयफोनवर 2021 पासून ॲपला आपली सूचना तातडीची आहे असं सांगता येतं, आणि वापरणाऱ्याने मुभा दिली असेल तर ती शांततेच्या वेळातही दिसते. सुरक्षेच्या सूचनेवर ही खूण करावी. ऑफरवर एकदा जरी केली, तरी लोक ती मुभाच काढून टाकतात.

परवानगी मागण्याची वेळही याच कामाचा भाग आहे. आयफोनवर ॲपला हा प्रश्न एकदाच विचारता येतो. अँड्रॉइड 13 पासून, म्हणजे 2022 पासून, तिथेही परवानगी मागावी लागते, आणि दोनदा नकार मिळाला की फोन प्रश्न दाखवणंच थांबवतो. ॲप उघडताच, लॉगिनच्याही आधी विचारलं तर माणूस सवयीने नकार देतो, कारण काय येणार हे त्याला अजून माहीत नसतं. पहिला व्यवहार पूर्ण झाल्यावर ‘पुढच्या वेळी पैसे गेले की लगेच कळवायचं का?’ असं विचारलं तर तो प्रश्न समजून उत्तर देतो.

स्क्रीन जमली की नाही हे लोकांना ती आवडली का असं विचारून कळत नाही. चार-पाच जणांना बसवा, त्यांना हवी तशी बटणं लावू द्या आणि मग प्रसंग सांगा: रात्री अकरा वाजता तुमच्या कार्डावरून 900 रुपये गेले, फोन वाजेल का? उद्या विम्याची ऑफर निघाली, ती दिसेल का? त्यांचं उत्तर आणि ॲप प्रत्यक्षात करणार ते, यांत फरक पडला तर बटणांची संख्या कितीही कमी असो, रचना चुकली आहे. ॲप बाजारात गेल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. अख्ख्या ॲपच्या सूचना बंद करणारे किती आणि एखादाच गट बंद करणारे किती? पहिल्यांची संख्या वाढू लागली की कुठल्या तरी महत्त्वाच्या चॅनलमध्ये जाहिरात शिरली आहे का ते आधी शोधावं.

सहा महिन्यांनी विसावी सूचना येतेच. ती चारपैकी एका गटात बसते का हे आधी बघावं, आणि बसत असेल तर त्या गटासाठी माणसाने जे ठरवलं तेच तिला लागू करावं. बंद केलेला चॅनल पुसून त्याच सूचना नव्या नावाच्या चॅनलमधून पुन्हा चालू करण्याची एक पळवाट अँड्रॉइडवर आहे. तिचा अंदाज असल्यामुळेच ॲपने किती चॅनल पुसले हा आकडा फोन त्या ॲपच्या नोटिफिकेशन सेटिंग्जमध्ये दाखवतो.